कागदावर वीस बाया, कर्जदार पंधराच

पारोळ्याच्या बाजूचं एक गाव. गटकर्जाचं एक केंद्र, त्यात वीस बाया, पाचपाचांचे चार गट. प्रत्येकीला ४०,००० रुपये कर्ज, चोवीस महिन्यांची मुदत, महिन्याला २,११५ रुपये हप्ता. आठ हप्ते झालेले आणि आठही हप्त्यांची वसुली शंभर टक्के. एक दिवसही उशीर नाही. शाखेच्या मॅनेजरने ही फाईल माझ्यासमोर ठेवली ती थोडी मिरवतच. मी लेखापरीक्षक म्हणून गेलो होतो आणि कोणती केंद्रं बघायची हे मीच ठरवणार होतो. त्याचं म्हणणं असं की जिथे थकबाकी आहे तिथे जा, इथे काय बघणार?

मी तिथेच गेलो. (गावाचं नाव सांगत नाही, आणि आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून जरा गोल केले आहेत.)

आधी हे कर्ज चालतं कसं ते बघू. हा बचत गट नव्हे. बचत गटात बाया आधी स्वतःचे पैसे साठवतात आणि मग बँक गटाला कर्ज देते. इथे कंपनी प्रत्येक बाईला वेगळं कर्ज देते, पण तारण काहीच घेत नाही. तारणाच्या जागी असतात गटातल्या बाकीच्या चार जणी. एकीचा हप्ता चुकला तर चौघींनी मिळून तो भरायचा, निदान तिच्या दारात जाऊन तगादा लावायचा. कंपनीचा फिल्ड ऑफिसर, म्हणजे गावातल्या भाषेत ‘हप्तेवाला सर’, महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी सकाळी येतो. कुणाच्या तरी ओट्यावर मीटिंग होते, हजेरी होते, हप्ते गोळा होतात. तो मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये पावती टाकतो, बाईच्या कर्जकार्डावर सही करतो आणि रोकड शाखेत नेऊन भरतो.

म्हणजे एकाच हप्त्याची नोंद तीन ठिकाणी पडते. कंपनीच्या सिस्टीममध्ये, बाईच्या कार्डावर आणि बँकेत पैसे भरल्याच्या स्लिपवर. वसुलीचं लेखापरीक्षण म्हणजे मुख्यतः या तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचणं. कर्मचाऱ्याने पैसे खाल्ले असतील तर ते इथेच दिसतं. कार्डावर पाच तारीख आहे आणि सिस्टीममध्ये बारा, तर मधले सात दिवस पैसे कुणाच्या तरी खिशात होते. असं एकदा झालं तर चूक म्हणता येईल. पण एकाच ऑफिसरच्या तीनचार केंद्रांत दर महिन्याला तसंच दिसलं, तर तो आज आलेल्या बाईच्या पैशाने कालच्या बाईचा खड्डा बुजवतो आहे. याहून वाईट प्रकार मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्या बाईच्या बाबतीत होतो. तिने कापसाचे पैसे आले म्हणून सगळं कर्ज एकरकमी फेडलं, कार्ड सरांकडे दिलं आणि ती निश्चिंत झाली. सरांनी ती रक्कम ठेवून घेतली आणि तिच्या नावाने दर महिन्याचा हप्ता मात्र इमानेइतबारे भरत राहिले. सिस्टीम म्हणते कर्ज चालू आणि नियमित. बाई म्हणते, मी तर केव्हाच फेडलं. हे बाईला विचारल्याशिवाय कधीच उघडं पडत नाही.

आमच्या केंद्रात तसलं काही नव्हतं. वीस गुणिले २,११५ म्हणजे ४२,३०० रुपये, आणि दर महिन्याला तेवढेच त्याच दिवशी बँकेत भरलेले. तिन्ही नोंदी रुपयाला रुपया जुळत होत्या. साधारण लेखापरीक्षण इथेच संपतं आणि अहवालात ‘समाधानकारक’ लिहिलं जातं.

मला खटकल्या त्या दोन गोष्टी अगदी बारीक होत्या. अ‍ॅपमध्ये प्रत्येक पावतीची वेळ नोंदवलेली असते. कार्यालयात सहसा कुणी ती बघत नाही, कारण रिपोर्टमध्ये फक्त तारीख येते. मी वेळेसकट सगळी यादी काढून घेतली. मीटिंग साडेआठची. चौदा बायांच्या पावत्या ८:३६ ते ८:५८ या वेळात होत्या, मध्ये कधी एक मिनिट तर कधी तीन मिनिटं अंतर. नोटा मोजायच्या, सुटे द्यायचे, कार्ड लिहायचं, म्हणजे एवढा वेळ लागतोच. उरलेल्या सहा बायांच्या पावत्या ७:४१ ते ७:४३ या दोन मिनिटांतल्या होत्या, मीटिंगला कुणी जमायच्या आधीच्या. महिना कोणताही घ्या, मिनिटं थोडी इकडे तिकडे, पण सहा नावं तीच आणि एकामागोमाग एक. सहा बायांनी रांगेत उभं राहून दोन मिनिटांत रोख हप्ते भरणं शक्य नाही. एका माणसाने एक गड्डी दिली असेल तर शक्य आहे.

दुसरी गोष्ट आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. एप्रिलची मीटिंग आखाजीच्या आदल्या दिवशी होती. हजेरीपटावर वीसच्या वीस सह्या. खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. ज्यांचं वय पंचविशीच्या आतबाहेर आहे अशा बाया त्या दिवशी सासरच्या गावात ओट्यावर बसून हप्त्याच्या वहीवर सही करतात, हे ज्याने लिहिलं तो एकतर बाहेरून बदली होऊन आलेला असणार किंवा त्याला वाटलं असणार की तपासणारा बाहेरचा आहे. माझी आई अमळनेरची.

म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावात गेलो. महिना मुद्दाम निवडला. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. जानेवारीत गेलात तर दाराला कुलूप, आणि कुलूप बघून ‘कर्जदार अस्तित्वात नाही’ असं लिहून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. कुलूप म्हणजे खोटी कर्जदार नव्हे. शेजारीण सांगते ती कधी गेली, कोणत्या मुकादमासोबत गेली, पोरं कुणाकडे ठेवली. जिच्याबद्दल शेजारणीला असं काहीच सांगता येत नाही, तिथे कान टवकारायचे. कापूस वेचणीच्या दिवसांतही दिवसा बाया भेटत नाहीत. मे महिन्यात ऊन मारतं खरं, पण माणसं घरी असतात.

प्रत्यक्ष पडताळणीचे माझे नियम थोडे आणि हट्टी आहेत. फिल्ड ऑफिसरला सोबत घ्यायचं नाही, आणि आपण येणार हे केंद्रप्रमुख बाईला, म्हणजे कर्जदार बायांतल्याच म्होरकीला, कळू द्यायचं नाही. ओट्यावर सगळ्यांना जमवून विचारायचं नाही, एकेकीच्या घरी जायचं, कारण चारचौघींत बाई तेच बोलते जे केंद्रप्रमुख बोलते. वीसपैकी ते सहा जण तर बघायचेच, पण बाकीच्या चौदांतल्याही चारपाच जणींकडे सहज उचलून जायचं, नाहीतर गावाला कळतं की आपण कुणाच्या मागावर आहोत. आणि सुरुवातीलाच सांगायचं की मी वसुलीला आलेलो नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तर आपल्या तोंडातून द्यायचं नाही. ‘तुम्ही चाळीस हजार घेतले ना?’ या प्रश्नाला अख्ख्या तालुक्यात एकच उत्तर आहे, ‘हो’. त्याऐवजी मी अहिराणीत विचारतो, ‘हातमा कितला पडनात?’ प्रोसेसिंग फी, तिच्यावरचा जीएसटी आणि विमा कापून या केंद्रात हातात ३८,८०० पडायला हवे होते. बाई ३८,८०० च्या आसपास बोलली तर ठीक. ३६,००० म्हणाली तर मधले पैसे कुणीतरी दलाली म्हणून काढले. आणि नुसतंच ‘चाळीस’ म्हणाली, तर तिला कागदावरचा आकडा माहीत आहे, हातातला नाही.

दुसरा प्रश्न, ‘मागच्या महिन्याचा हप्ता कुठून जुळवला?’ माझ्या मते हा सगळ्यात धारदार प्रश्न आहे. जी बाई खरंच हप्ता भरते तिला त्या २,११५ रुपयांचा इतिहास पाठ असतो. एक बाई म्हणाली, पंधराशे दुधाचे आले, सहाशे नणंदेकडून घेतले आणि पंधरा रुपये पोराच्या डब्यातून काढले. ती खरी कर्जदार आहे हे शोधायला मला तिचं आधारकार्ड बघायची गरज उरली नाही. खोट्या कर्जदाराला हप्त्याचा आकडाही धड सांगता येत नाही, कारण तो आकडा तिला कधी टोचलेलाच नसतो.

सहाजणींपैकी पहिल्या घरी गेलो. विशीतली सून, कडेवर पोर. कर्ज आहे का? आहे. हातात किती पडले? चाळीस. हप्ता? सासूकडे बघितलं. कार्ड दाखवा. ‘कार्ड काकूंकडे आहे.’ काकू म्हणजे केंद्रप्रमुख. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे सूक्ष्मवित्त निर्देश सांगतात की कर्जकार्ड कर्जदाराला द्यायचं, तिला कळणाऱ्या भाषेत, त्यावर व्याज, अटी, प्रत्येक हप्त्याची पोच आणि तक्रार कुठे करायची ते सगळं हवं. कार्ड दुसऱ्याच्या घरी असणं हा एरवी अहवालातला किरकोळ दोष मानतात. माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा इशारा आहे. ज्याच्या हातात कार्ड, त्याच्या हातात कर्ज.

तिसऱ्या घरची बाई वयाने मोठी होती आणि तिला बहुधा हे लपवून कंटाळा आला होता. मी कागद पुढे केला, तिने सही ओळखली आणि सरळ म्हणाली, ‘सही मन्ही शे, पैसा मन्हा नही.’

गोष्ट अशी होती. केंद्रप्रमुख बाईचं गावात किराणा आणि कटलरीचं दुकान. तिला दुकान वाढवायला अडीच लाखांच्या आसपास हवे होते. बँकेने तारण मागितलं, ते नव्हतं. गटकर्ज तिला एकटीला मिळणार चाळीस हजार. मग तिने भाऊबंदकीतल्या आणि शेजारच्या पाच बायांना केंद्रात बसवलं. कागदपत्रं त्यांची, फोटो त्यांचा, कर्जाची रक्कम कंपनीने नियमाप्रमाणे त्यांच्याच बँक खात्यात टाकली. त्याच आठवड्यात सगळ्याजणी गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात गेल्या, अंगठे लावले, पैसे काढले आणि काकूंच्या हातात ठेवले. प्रत्येकीला अंगठ्याचे एक हजार मिळाले. सहा कर्जांचे १२,६९० रुपये काकू दर महिन्याला एकरकमी देते, मीटिंगच्या आधी, दुकानाच्या काउंटरवर. सर तिथे चहा घेतात.

काकूच्या घरी सहाही कार्डं एका प्लास्टिकच्या पिशवीत होती. ती कार्डं मी खूप वेळ बघत बसलो. बाकीच्या बायांची कार्डं घामाने मऊ झालेली, घडीवर फाटलेली, एकावर हळदीचे डाग. या सहा कार्डांना एक घडी नव्हती. आठही हप्त्यांच्या नोंदी एका पेनाने, एका अक्षरात, एकाच दमात लिहिल्यासारख्या.

आता मॅनेजरचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. पैसे तर वेळेवर येत आहेत, मग बिघडलं काय?

हिशोब करू. आठ हप्त्यांनंतर प्रत्येक कर्जाची बाकी साधारण २८,७०० रुपये उरते. कंपनीला वाटतं की तिची जोखीम वीस घरांत वाटलेली आहे, एक घर बसलं तर २८,७०० अडकतील. प्रत्यक्षात एकाच दुकानावर सहा कर्जं म्हणजे १,७२,२०० रुपये उभे आहेत. केंद्राच्या एकूण बाकीतले तीस टक्के. या धंद्यात जोखीम मोजायचं माप आहे पार-३०. एखाद्या कर्जाचा हप्ता तीस दिवसांहून जास्त थकला, तर फक्त चुकलेले २,११५ नव्हे, त्या कर्जाची सगळी बाकी जोखमीत मोजायची. नव्वद दिवस ओलांडले की एनपीए. हे माप चांगलं आहे, पण ते हप्ता चुकल्यावरच बोलतं. काकूचं दुकान चालू आहे तोवर पार-३० शून्य दाखवणार, आणि ज्या महिन्यात दुकान बंद पडेल त्या महिन्यात सहा कर्जं एकदम पडणार. हळूहळू काही होणार नाही, त्यामुळे आधी इशाराही मिळणार नाही.

त्याहून मजेची गोष्ट गटाची रचना बघितल्यावर कळली. काकू आणि तिच्या चार बाया मिळून पहिला गट पूर्ण होत होता, सहावी दुसऱ्या गटात. म्हणजे पहिल्या गटात पाचजणी एकमेकींना जामीन आहेत असं कागद म्हणतो, आणि खरं पाहता एक बाई स्वतःलाच चारदा जामीन राहिली आहे. ज्या एका गोष्टीवर बिनतारणाचं कर्ज उभं असतं तीच त्या गटात नव्हती. दुसऱ्या गटातल्या चार सरळ बायांना तर माहीतही नव्हतं की त्या दुकानाला जामीन आहेत.

इथे एक घोळ नेहमी होतो, अनुभवी तपासनीसांकडूनही. अर्जावर लिहिलं शेळीपालन आणि पैसे गेले मुलीच्या लग्नात, तर त्याला ते ‘गैरवापर’ लिहितात. तसं नाही. २०२२ च्या निर्देशांत सूक्ष्मवित्त कर्जाची व्याख्याच अशी आहे की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावं आणि कर्ज बिनतारण असावं, वापर कशासाठीही असो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, सगळं चालतं. तपासायचं ते पैसे कशावर गेले हे नव्हे. घेतले कुणी आणि फेडतं कोण, हे तपासायचं. मी त्या गावात लग्नात पैसे घातलेल्या तीन बाया पाहिल्या आणि तिघींच्या नावापुढे ‘योग्य’ लिहिलं.

निर्देशांत आणखी एक अट आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. ती तपासायला अर्जातलं उत्पन्न खरं हवं. या केंद्रात वीसपैकी सोळा अर्जांवर वार्षिक उत्पन्न होतं १,८०,०००. मजूर, दूधवाली, दुकानवाली, सगळ्यांचं सारखंच. ऑफिसरने घर न बघता एकच आकडा उतरवला होता. त्यावर मोजलेली मर्यादा नुसती कागदाला लागू होते. क्रेडिट ब्युरोचा अहवाल दुसऱ्या कंपन्यांची कर्जं दाखवतो, पण सावकाराचं आणि नातेवाइकांचं देणं त्यात येत नाही, आणि काकूची सहा कर्जं तर ब्युरोला सहा वेगळ्या, नियमित, गुणी बायांची दिसतात.

अहवाल लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. काकूला मी लबाड लिहिलं नाही. तिने एक पैसा बुडवलेला नाही आणि तिला दुसरा रस्ता कुणी दिलाही नव्हता. मी लिहिलं की पाच कर्जांची नोंदलेली कर्जदार आणि प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती वेगळी आहे, पुरावा म्हणून पावत्यांच्या वेळा, कार्डं कुठे सापडली ते, आणि पाच बायांचे वेगवेगळे घेतलेले जबाब जोडले. दोष ठेवला तो ऑफिसरच्या घरतपासणीवर आणि शाखेच्या पद्धतीवर. त्याचा प्रोत्साहन भत्ता नवीन कर्जदारांच्या संख्येवर ठरत होता. एका फेरीत पाच बाया आणून देणारी काकू त्याला देवासारखीच वाटली असणार. आणि मॅनेजरने वर्षात एकदाही त्या केंद्रात स्वतः चक्कर मारलेली नव्हती, फिरतीच्या नोंदवहीत त्याच्या दोन भेटी लिहिलेल्या असल्या तरी.

सिस्टीममध्ये आणखी काय करावं, हे कंपनीच्या लोकांनी विचारलं. मी दोनच गोष्टी सांगितल्या. पावतीची वेळ मासिक रिपोर्टमध्ये आणा, आणि एका मिनिटात दोनपेक्षा जास्त रोख पावत्या पडल्या की ते केंद्र आपोआप तपासणीच्या यादीत टाका. यूपीआयने हप्ते येऊ लागलेत तिथे हे आणखी सोपं आहे, एकाच खात्यातून चार नावांचे हप्ते आले तर लगेच दिसतं. अर्थात नवरा बायकोचा आणि आईचा हप्ता एका मोबाईलवरून भरतो, तो यात सापडणारच. म्हणून यादीत आलं की घरी जाऊन विचारायचं, परस्पर शिक्का मारायचा नाही.

कर्जं मात्र बायांच्या नावावरच राहिली, कारण सह्या त्यांच्या आहेत. कंपनीने ठरवलं की मुदत संपेपर्यंत हप्ते घ्यायचे आणि त्या पाचजणींना नवं कर्ज द्यायचं नाही. निघताना ती ‘सही मन्ही’वाली बाई ओट्यापर्यंत आली. तिला आता स्वतःसाठी पंचवीस हजार हवे होते, दोन शेळ्या घ्यायच्या होत्या. दुसऱ्या कंपनीत अर्ज केला तर ब्युरोत आधीचं कर्ज दिसतंय म्हणून त्यांनी थांबायला सांगितलं. ते कर्ज कधी संपेल, तिने विचारलं. अजून सोळा हप्ते, मी म्हणालो, काकूने वेळेवर भरले तर. तिने रस्त्यापलीकडे दुकानाकडे बघितलं. दुपारचे दोन वाजले होते आणि शटर अर्धं खाली होतं, उन्हामुळे.